दोनशे एकावे युनिट आणि विजेची स्कूटर

आपल्या सीमाभागात दारात नवी दुचाकी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. मराठी घरातून तो 'किती देते?' असा येतो, आणि शेजारच्या कानडी घरातून 'एष्टु कोडतैति?' असा. दोन्ही प्रश्नांचा अर्थ एकच, एका लिटरला किती किलोमीटर. विजेवर चालणाऱ्या स्कूटरला हा प्रश्न लागूच पडत नाही, कारण तिथे लिटर नाही. दुकानदार मग 'पंचवीस पैशांत एक किलोमीटर' असे ठोक उत्तर देऊन मोकळा होतो. ते उत्तर खोटे नसते, पण ते कोणाच्या घरचे आणि कोणत्या महिन्याचे, हे तो सांगत नाही. पेट्रोलचा भाव पंपावरच्या फलकावर सगळ्यांना सारखाच दिसतो. विजेचे युनिट मात्र एकाच घरात, एकाच मीटरवर, डिसेंबरमध्ये एका भावाने पडते आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्याच.

हे मला नीट कळले ते हैदराबादला ताईच्या घरचा वर्षाचा हिशेब मांडताना. ताई काचीगुड्याला राहते. त्या भागात मराठी घरे बरीच आहेत आणि कानडी माध्यमाची नृपतुंग शाळाही तिथलीच, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला फारसे परके वाटत नाही. भावजींचे ऑफिस हायटेक सिटीकडे. जाऊन येऊन ३६ किलोमीटर, महिन्याला साधारण २३ दिवस. त्यात ताईच्या सुलतान बाजारच्या फेऱ्या आणि इतर किरकोळ कामे धरली की महिन्याला ९०० किलोमीटर होतात, वर्षाला १०,८००. जुन्या पेट्रोल स्कूटरच्या इंजिनाचे काम निघाले होते, तेव्हा नवी गाडी घ्यायचीच होती. प्रश्न एवढाच होता की पेट्रोलची की विजेची. मी अर्थशास्त्र शिकवतो म्हणून ताईने पावत्यांची पिशवी माझ्यापुढे ठेवली.

आधी पेट्रोलचे बघू, कारण ते सोपे आहे. ॲव्हरेज काढायची खरी रीत आपल्या मेकॅनिकांनी शिकवलेली आहेच. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, चार-पाच दिवस चालवून पुन्हा काठोकाठ भरायची आणि जितके लिटर मावले त्याने किलोमीटरना भागायचे. भावजींची ११० सी.सी.ची स्कूटर मासाब टँकपासून पुढच्या गर्दीत, बंजारा हिल्सच्या चढउतारावर, ४५ किलोमीटर द्यायची. म्हणजे महिन्याला २० लिटर. हैदराबादेत २०२५ साली पेट्रोल लिटरला १०७ रुपये ५० पैशांच्या आसपास होते. तेलंगणाचा पेट्रोलवरचा व्हॅट ३५.२ टक्के, देशातल्या चढ्या दरांपैकी एक. त्याच वर्षी कर्नाटकात भाव १०३ च्या आसपास होता. (कागल-कोल्हापूरची मंडळी निपाणीच्या अलीकडे टाकी का भरतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.) २० लिटरचे २,१५० रुपये महिना, वर्षाला २५,८००. किलोमीटरला २ रुपये ३९ पैसे. ऊन असो, पाऊस असो, या आकड्यात फार फरक पडत नाही.

आता वीज. इथे पहिली गोष्ट मोजायची ती भिंतीतून निघालेली वीज. स्कूटरच्या पडद्यावर जो वापर दिसतो तो बॅटरीतून गेलेल्या विजेचा असतो. चार्जर गरम होतो, बॅटरी भरताना थोडी ऊब निघते, ती वीजही आपल्याच मीटरवर चढते. म्हणून बॅटरीत जेवढी गेली त्याहून दहा-पंधरा टक्के जास्त विजेचे पैसे आपण भरतो. भावजींनी प्लगमध्ये लावायचा छोटा युनिट मोजणारा मीटर आणला आणि महिनाभर लिहून ठेवले. सरासरी निघाली एका युनिटला २५ किलोमीटर. सावकाश चालवली तर २७-२८, आणि रिकाम्या रस्त्यावर वेगाच्या मोडवर पळवली तर वीसच्या आसपास. टायरमधली हवा कमी झाली की हा आकडा लगेच घसरतो. भावजी आता दर पंधरा दिवसांनी हवा तपासतात, पेट्रोलच्या गाडीला महिना-महिना पाहत नसत.

२५ ने भागले तर ९०० किलोमीटरना महिन्याला ३६ युनिट. म्हणजे स्कूटर घरात आली आणि मीटरवर महिन्याला ३६ युनिट वाढले. आता त्या ३६ युनिटांचे किती पैसे, एवढेच राहिले. खरी गंमत इथून सुरू होते.

तेलंगणाचे घरगुती विजेचे दर २०२२-२३ मध्ये ठरले आणि २०२५-२६ पर्यंत तेच राहिले. त्यांची रचना अशी आहे की महिन्याचा एकूण वापर १०० युनिटांच्या आत असेल तर एक दरपत्रक, १०१ ते २०० असेल तर दुसरे, आणि २०० च्या वर गेला की तिसरे. दुसऱ्या दरपत्रकात पहिली १०० युनिटे ३ रुपये ४० पैशांनी आणि पुढची १०० युनिटे ४ रुपये ८० पैशांनी. तिसऱ्यात मात्र पहिल्या २०० युनिटांनाच ५ रुपये १० पैसे लागतात, पुढच्या १०० ला ७ रुपये ७० पैसे, त्यापुढच्या १०० ला ९ रुपये, आणि तसेच वर. आयकरात उत्पन्न वाढले तर फक्त वरच्या भागाला वरचा दर लागतो, खालच्याला हात लागत नाही. इथे २०० ची रेघ ओलांडली की मागच्या सगळ्या युनिटांचा भाव बदलतो.

हे आकड्यांत मांडून बघा. २०० युनिटांचे बिल ८२० रुपये. २०१ युनिटांचे १,०२७ रुपये ७० पैसे. म्हणजे ते दोनशे एकावे युनिट एकटेच २०७ रुपये ७० पैशांना पडले! (स्थिर आकार, युनिटला सहा पैशांची ड्यूटी वगैरे मी बाजूला ठेवतो आहे, त्याने चित्र बदलत नाही.)

आता ताईच्या घरचे तीन महिने. डिसेंबरमध्ये पंखे बंद, कूलर माळ्यावर, घरचा वापर १४० युनिट. स्कूटर धरून १७६. बिल ५३२ वरून ७०४ रुपये ८० पैसे झाले, म्हणजे स्कूटरचे १७३ रुपये. किलोमीटरला १९ पैसे. दुकानदाराच्या बोलीहूनही स्वस्त.

ऑगस्टमध्ये घरचा वापर १८० युनिट. स्कूटर धरून २१६. बिल ७२४ वरून थेट १,१४३ रुपये २० पैसे. स्कूटर तीच, रस्ता तोच, ३६ युनिटेही तीच, पण या वेळी त्यांचे ४१९ रुपये झाले. युनिटला ११ रुपये ६४ पैसे, किलोमीटरला ४७ पैसे.

मेमध्ये एसी चालतो. घरचाच वापर ३३० युनिट, म्हणजे रेघ आधीच ओलांडलेली. तिथे स्कूटरची ३६ युनिटे सरळ ९ रुपयांच्या भावाने बसली, ३२४ रुपये. महाग, पण ऑगस्टपेक्षा स्वस्त! ताईला हे काही केल्या पटेना. 'मेमध्ये एवढा एसी चालवतो आम्ही, आणि तू म्हणतोस स्कूटर ऑगस्टमध्ये महाग?' असे ती दोनदा म्हणाली, आणि मग स्वतःच दोन्ही बिले शेजारी ठेवून बेरीज करून बघितली. कारण साधे आहे. मेमध्ये रेघ एसीने ओलांडली, तो भुर्दंड एसीच्या खात्यात. ऑगस्टमध्ये ती स्कूटरने ओलांडली.

वर्षाचे गणित असे बसले. थंडीचे चार महिने प्रत्येकी १७३ रुपये, पावसाळ्याचे चार महिने प्रत्येकी ४१९, मार्च आणि जून २७७, एप्रिल-मे ३२४. ड्यूटी धरून सगळे मिळून ३,६०० रुपये. किलोमीटरला सरासरी ३३ पैसे. पेट्रोलच्या २५,८०० पुढे ही रक्कम ठेवली तर वर्षाला २२,२०० रुपयांचा फरक दिसतो. रेघ ओलांडूनही वीज पेट्रोलच्या सातव्या हिश्शात बसते, हे लक्षात घ्यायला हवे. तेव्हा रेघेच्या भीतीने कोणी विजेची स्कूटर टाळावी असे मुळीच नाही. पण पावसाळ्यातले ते चारशे रुपये टाळता येण्यासारखे होते, आणि ते कसे, हे बघण्यासारखे आहे.

भावजींच्या ऑफिसच्या तळघरात चार्जिंगची सोय आहे. कर्मचाऱ्यांना तिथे पैसे पडत नाहीत, पण जागा मोजक्या असल्याने रोज मिळत नाही. घरचा वापर १८० असेल तर रेघेपर्यंत २० युनिटे मोकळी आहेत. म्हणून जुलै ते ऑक्टोबर महिन्यातली १६ युनिटे, म्हणजे आठवड्यातून दीड-दोन वेळचे चार्जिंग, ऑफिसात केले आणि बाकीचे घरी, तर घरचे बिल ८२० वर थांबते. स्कूटरचे ४१९ ऐवजी ९६ रुपये होतात. मीटर मात्र महिन्याच्या विसाव्या दिवशी एकदा खाली जाऊन वाचावा लागतो. ऑफिसात सोय नसेल तर बाहेरच्या चार्जिंग केंद्रावर जाऊन हे करण्यात मात्र अर्थ नाही असेच बहुतेक निघेल. तिथला युनिटचा दर घरच्यापेक्षा बराच जास्त असतो, वर अठरा टक्के जी.एस.टी., आणि खोळंबा वेगळा.

ज्यांना सरकारी योजनेत वीज फुकट मिळते त्यांच्या घरी हीच रेघ आणखी जड आहे. तेलंगणात मार्च २०२४ पासून रेशन कार्डवाल्या घरांना गृहज्योती योजनेत २०० युनिटांपर्यंत शून्य बिल येते. अशा घरचा वापर १८० असेल तर बिल शून्य. स्कूटर आली आणि २१६ झाले की पूर्ण १,१४३ रुपये भरायचे. किलोमीटरला १ रुपया २७ पैसे.

आपल्या कर्नाटकातल्या वाचकांसाठी इथे थोडे थांबतो. आपल्याकडे घरगुती दराच्या पायऱ्या २०२४ मध्ये निघाल्या आणि सगळ्या युनिटांना एकच दर आला. २०२५-२६ साठी तो ५ रुपये ८० पैसे आहे. म्हणजे हैदराबादसारखी उडी इथे दरपत्रकात नाही. पण ती आपल्या गृहज्योतीत आहे. २०२३ मध्ये ही योजना आली तेव्हा २०२२-२३ च्या वापराची मासिक सरासरी काढून त्यावर दहा टक्के, एवढी युनिटे फुकट, असे ठरले. त्याच्या वर पण २०० च्या आत राहिलात तर जास्तीच्या युनिटांचेच पैसे. २०० ओलांडले तर सगळ्यांचे. समजा बेळगावातल्या एका घराला ११० युनिटे मंजूर आहेत आणि वापर १०५ आहे. स्कूटर आली, १४१ झाले, तर ३१ युनिटांचे १८० रुपये. काही बिघडले नाही. पण ज्या घराला १८० मंजूर आहेत आणि वापर १७५ आहे, तिथे स्कूटरने २११ झाले की सगळ्या २११ युनिटांचे १,२२४ रुपये, स्थिर आकार वेगळा. त्या घरी स्कूटरचे युनिट ३४ रुपयांना पडले. तेव्हा आपल्या करंट बिलावर मंजूर युनिटे किती लिहिली आहेत ते आधी बघावे, आणि गाडीच्या शोरूमला त्यानंतर जावे.

एवढे झाल्यावर भावजी म्हणाले, 'वर्षाला बावीस हजार वाचतात ना, मग विषय संपला.' संपला नव्हता, कारण बॅटरी राहिली होती.

पेट्रोल स्कूटरमध्ये आपण इंधन रोज विकत घेतो आणि टाकी फुकट मिळते. विजेच्या स्कूटरमध्ये इंधन जवळजवळ फुकट आणि टाकीच महाग. तीन युनिट क्षमतेच्या बॅटरीला, बदलायची वेळ आली तर, साठ-सत्तर हजार रुपये पडतात. ती टाकी रोज थोडी थोडी झिजते. म्हणून तिची किंमत वापरातल्या किलोमीटरवर वाटून बघितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. भावजींनी जादा पैसे भरून आठ वर्षे किंवा ८०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी घेतली आहे. वर्षाला १०,८०० ने ८०,००० किलोमीटर व्हायला सात वर्षे आणि पाचेक महिने लागतील, म्हणजे वर्षे आणि किलोमीटर जवळजवळ एकदमच संपतील. बॅटरीचे ६५,००० धरून ८०,००० ने भागले तर किलोमीटरला ८१ पैसे. विजेच्या ३३ पैशांत ते मिळवले की १ रुपया १४ पैसे होतात. दुकानदाराचे पंचवीस पैसे आता कुठल्या कुठे राहिले, पण पेट्रोलच्या २ रुपये ३९ पैशांच्या ते अजूनही निम्म्यात आहे.

या ८१ पैशांत मी मुद्दाम कडक धरले आहे. वॉरंटी संपली म्हणजे बॅटरी मेली असे नाही. त्या वॉरंटीची अट अशी आहे की मुदतीत बॅटरीची क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर कंपनी बघेल. भावजींची गाडी आज एका चार्जमध्ये प्रत्यक्षात ८० किलोमीटर जाते (जाहिरातीत लिहिलेले अंतर याहून बरेच मोठे आहे, ते चाचणीच्या खोलीतले). तिचे ७० टक्के म्हणजे ५६ किलोमीटर. रोजच्या ३६ ला ते तेव्हाही पुरतील. त्यामुळे त्यांची बॅटरी दहा वर्षेही ओढेल. पण ज्याचे रोजचे ७० किलोमीटर आहेत त्याला तीच बॅटरी ७० टक्क्यांवर आली की निकामी. म्हणून घेतानाच रोजच्या अंतराच्या दुप्पट प्रत्यक्षातले अंतर देणारी गाडी बघावी.

बॅटरी लवकर झिजते ती उष्णतेने. हैदराबादचा मे महिना आपल्या बेळगावसारखा नसतो, पारा बेचाळीसवर जातो. उन्हातून येऊन तापलेली गाडी तशीच चार्जिंगला लावली तर बॅटरी आणखी तापते. गाडीतली यंत्रणा चार्जिंग मंद करून ते सांभाळते, पण एक-दोन तास थांबून लावलेले बरे. भावजी रात्री जेवणानंतर लावतात. रोजच्या रोज शंभर टक्के भरण्याचीही गरज नसते, ऐंशी-नव्वदवर काढली तरी ३६ किलोमीटर सहज निघतात. झीज किती झाली हे ओळखायची रीत पेट्रोलच्या टाकीसारखीच आहे. वर्षातून एकदा पूर्ण भरून वीस टक्क्यांपर्यंत चालवायची, किलोमीटर लिहायचे, आणि ते पुन्हा पूर्ण भरताना भिंतीतून किती युनिटे घेते ते लिहायचे. किलोमीटर कमी आणि युनिटेही त्याच प्रमाणात कमी झाली असतील तर बॅटरी लहान झाली आहे. युनिटे तेवढीच लागून किलोमीटर कमी झाले असतील तर बॅटरीला दोष देऊ नये, आधी हवा, ब्रेक आणि आपला हात बघावा.

बाकी खर्चात फार रस नाही, पण पावत्या होत्या म्हणून सांगतो. पेट्रोल स्कूटरच्या वर्षाच्या तीन सर्व्हिसिंग, ऑइल, फिल्टर, प्लग आणि कधीतरीचा बेल्ट-रोलर वाटून घेतला तर ४,५०० पडत. विजेच्या गाडीला ब्रेक आणि तपासणी मिळून २,०००. विमा उलटा. त्रयस्थ व्यक्तीचा विमा जून २०२२ च्या दरांनी विजेच्या मध्यम गाडीला ६०७ रुपये आणि पेट्रोलच्या ७५ ते १५० सी.सी.ला ७१४, म्हणजे थोडा स्वस्त. पण गाडीची किंमत जास्त असल्याने पूर्ण विमा ९०० ने महाग पडला. टायर दोन्हींना सारखेच.

खरेदीत विजेची गाडी, वॉरंटीचे जादा पैसे धरून, पेट्रोलच्या गाडीपेक्षा २९,००० ने महाग पडली. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल दुचाकींवरचा जी.एस.टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे हा फरक वाढला होता. उलट तेलंगणाने १८ नोव्हेंबर २०२४ पासून ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत विजेच्या वाहनांना रोड टॅक्स आणि नोंदणी शुल्क माफ केले, त्याने तो आवाक्यात राहिला.

त्यात भर पडली ती वायरची. ताईचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि गाडी खाली सेलरमध्ये. मीटरचा बोर्डही सुदैवाने खालीच. आपल्या मीटरमधून स्वतंत्र वायर, १६ अँपियरचा सॉकेट, चांगले अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच, असे ४,५०० रुपये लागले. पैशांपेक्षा वेळ लागला तो सोसायटीची परवानगी मिळायला. सभासद घाबरले होते आणि त्यांच्या भीतीला कारण होते. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला हॉटेलच्या इमारतीत खाली असलेल्या विजेच्या स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली आणि वरच्या खोल्यांत धुराने कोंडून आठ माणसे गेली. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे ए.आय.एस. १५६ हे नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक झाले. सोसायटीने शेवटी दोन अटी घातल्या. चार्जिंगची जागा जिन्यापासून लांब असावी, आणि एक्स्टेंशन बोर्ड चालणार नाही. दोन्ही अटी शहाण्या आहेत. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी ती एप्रिल २०२३ नंतर बनलेली आहे ना, एवढे जरूर पाहावे. आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्याने वायरचे पैसे गेलेच असे धरून चालावे.

आता सगळे एकत्र. इंधनात वर्षाला २२,२०० वाचले, देखभालीत २,५००, विम्यात ९०० गेले. राहिले २३,८००. त्यातून बॅटरीसाठी वर्षाला ८,८०० बाजूला टाकले तर हाती १५,०००. सुरुवातीला जास्तीचे गेलेले २९,००० आणि वायरचे ४,५०० मिळून ३३,५००, ते सव्वादोन वर्षांत भरून येतात. ताईने दुसऱ्याच दिवशी बँकेत महिना ७३० रुपयांचे आवर्ती खाते उघडले आणि पासबुकावर पेन्सिलीने 'बॅटरी' असे लिहिले. भावजी हसले, पण खाते चालू आहे.

माझे स्वतःचे विचाराल तर, घर ते कॉलेज जाऊन येऊन सहा किलोमीटर. सुट्ट्या वजा जाता वर्षाला १,८००. ४५ च्या ॲव्हरेजने ४० लिटर, १०३ च्या भावाने ४,१२० रुपये. विजेवर हेच ७२ युनिटांत, ४१८ रुपयांत होईल. वाचतील ३,७००, त्यातले ९०० विम्यात जातील. देखभाल एवढ्या कमी वापराला दोन्हींची जवळपास सारखीच. ३३,५०० भरून यायला बारा वर्षे लागतील, आणि गाडी उभी राहिली तरी बॅटरीचे वय वाढतच असते. त्यात माझी जुनी गाडी अजून चांगली चालते, म्हणजे मला फरकाचे पैसे नव्हे, विजेच्या गाडीची जवळजवळ पूर्ण किंमत घालावी लागेल. तेव्हा सध्या माझी पेट्रोलचीच आहे. आमच्याच कॉलेजातले एक सहकारी मात्र रोज निपाणीजवळून चिकोडीला जाऊन येतात, पन्नासएक किलोमीटर होतात. त्यांच्या घराला गृहज्योतीत ९० युनिटे मंजूर आहेत आणि वापर ८० च्या आसपास. त्यांची ५० ते ५५ युनिटे स्कूटरची आली तरी २०० ची रेघ दूरच राहते. त्यांचे बिल मागवले आहे.